आरंभबिंदूतून जाणारी रेषा

मी भंडाऱ्याहून पवनी तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवायला जात होते, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. बारावीचा वर्ग छोटाच होता. बहुतेक मुलं आसपासच्या धानाच्या गावांतली. माझ्याकडे शेवटचे काही धडे होते, त्यातलाच एक लिनियर प्रोग्रॅमिंगचा. अकरावी आणि बारावीचं बाकी सगळं गणित वरिष्ठ सरांकडे. निवृत्तीला टेकलेले, कडक, मुलांचे लाडके. सराव परीक्षेचा पेपर तेच काढायचे आणि तेच तपासायचे.

धडा तसा सोपा. एखादी अट असमानतेत लिहायची, तिची रेषा आलेखावर काढायची, आणि रेषेच्या कोणत्या बाजूला अट पाळली जाते ते ठरवून ती बाजू रंगवायची. सगळ्या अटींचा रंग जिथे एकत्र येतो तो तुकडा आपला. मग त्या तुकड्याचे कोपरे तपासायचे. सर्वांत जास्त नफा त्यातल्याच एखाद्या कोपऱ्यावर सापडतो.

माझी सगळी डोकेदुखी होती ती बाजू ठरवण्यात. मी वर्गात घसा कोरडा करून सांगायची, "एक बिंदू घ्या, अटीत टाका. खरी ठरली तर त्याची बाजू, खोटी ठरली तर पलीकडची." पण मुलांकडे सरांनी अकरावीतच दिलेला तोडगा होता. लहानचं चिन्ह असलं की रेषेखाली रंगवा, मोठ्याचं असलं की वर. पुस्तकातल्या बहुतेक गणितांत तो चालायचाही, म्हणून तो त्यांच्या डोक्यातून जाता जात नव्हता. मी फळ्यावर उदाहरणं काढून तो कुठे फसतो ते दाखवायची. मुलं मान हलवायची आणि वहीत पुन्हा खालीच रंगवायची.

सराव परीक्षेत सरांनी इथलंच गणित घातलं. रब्बी हंगामात क्ष एकर धान आणि य एकर हरभरा लावायचा. जमीन सहा एकर. तलावाच्या पाण्याचे आठ वाटे मिळतात; एकरी धानाला तीन लागतात, हरभऱ्याला एक. आणि तलावाच्या पाणीवाटपाची अट अशी, की धानाचं क्षेत्र हरभऱ्यापेक्षा जास्त नको. नफा एकरी धानाला पाच हजार, हरभऱ्याला तीन. जास्तीत जास्त नफा किती?

पेपर परत मिळाल्याच्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. आसगावची, शेतकऱ्याघरची, वर्गात सर्वांत कमी बोलणारी. चेहरा लाल झालेला.

"मॅडम, मी बिंदू टाकून पाहिला होता जी. मंग सरनं काहून कापलं?"

मी तिचा आलेख पाहिला. पाणीवाटपाची ती तिसरी अट होती क्ष वजा य, शून्यापेक्षा लहान किंवा शून्याइतकं. तिची रेषा आरंभबिंदूतूनच तिरपी वर जाते. त्यामुळे शून्य-शून्य टाकून काही कळत नाही. तो बिंदू रेषेवरच बसलेला. हिने (०, १) घेतला होता. शून्यातून एक गेला, उणे एक उरला, अट खरी. म्हणजे रेषेच्या वरची बाजू. तिचे कोपरे होते (०, ०), (२, २), (१, ५) आणि (०, ६). नफा एक एकर धान आणि पाच एकर हरभरा लावून, वीस हजार.

सरांनी त्यावर लाल रेघ मारून खाली लिहिलं होतं, 'छायांकित भाग चुकला.' तोडग्यानं चालणाऱ्यांना पूर्ण गुण होते. त्यांचं उत्तर होतं (२, २), सोळा हजार.

मी कागद घेऊन सरांकडे गेले. ते डबा खात होते.

"सर, तिसऱ्या रेषेची वरची बाजू यायला हवी."

"लहानचं चिन्ह आहे मॅडम."

"हो, पण य च्या आधी वजा आहे ना. य एका बाजूला आणला की चिन्ह उलटतं."

"तुम्ही शाळेत होत्या, तेव्हापासून हे शिकवून राहिलो मी." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "पोरांले कायले गोंधळात टाकता?"

तासिकेवरच्या माणसानं किती बोलायचं ते इथे सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही होतं. तरी मी टेबलावर कागद ठेवला. "ठीक आहे, आलेख राहू द्या. धान एक एकर, हरभरा पाच. जमीन सहा झाली. पाणी तीन आणि पाच, आठ झालं. धान हरभऱ्यापेक्षा जास्त नाही. तुमच्या तिन्ही अटी पाळल्या गेल्या. नफा वीस. मग सोळा हा जास्तीत जास्त कसा?"

सरांनी डबा बाजूला सारला, पेन काढलं, आणि वर्तमानपत्राच्या कडेला तीच बेरीज मांडली. मग प्रत्येक आकड्यावरून पेनाचं टोक पुन्हा फिरवलं. मला वाटलं, आता चूक मान्य करतील. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"प्रश्नच बरोबर सेट नाही झाला," ते म्हणाले. "रद्द करतो. सगळ्यांले पूर्ण मार्क देऊन टाकू."

"प्रश्न बरोबर आहे सर. उत्तर—"

"झालं ना मॅडम. पोरीचं काम झालं."

प्राचार्यांकडेही गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सराव परीक्षेचे गुण कुठेच धरले जात नाहीत, हे मला समजावून सांगितलं. जणू मी गुणांसाठीच आले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच गणित पुन्हा घेतलं. सरांचं नाव न घेता. रेषा काढली, वर एक बिंदू, खाली एक बिंदू, दोन्ही अटीत टाकून दाखवले. मागच्या बाकावरून आवाज आला, "पण मॅडम, आमाले तर पूर्ण मार्क भेटले." वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. खडू माझ्या हातात मोडला.

संध्याकाळी बसथांब्यावर ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी बरोबर होती ना?"

"होतीस."

"मंग ज्याचं चुकलं त्याले पण तेवढेच, मले पण तेवढेच. सर वर्गात सांगून नाही राहिले का चूक कोणाची होती. पोरी म्हणतात, मी रडली म्हणून प्रश्न रद्द झाला." ती रडत नव्हती. चिडलेली होती. "मी बोर्डात कसं लिहू?"

"बिंदू टाकूनच लिही. कोणता बिंदू घेतला तेही लिही."

"आणि तपासणारे सरसारखेच असले तं?"

तपासनिसांकडे नमुना उत्तरं असतात, असं काहीतरी मी बोलले. ते मलाच पोकळ वाटलं. आसगावकडे जाणारी बस आली, ती चढून गेली.

बोर्डाच्या पेपरात लिनियर प्रोग्रॅमिंगचा प्रश्न आला. सगळ्या रेषा आरंभबिंदूपासून दूर, य च्या आधी वजा कुठेच नाही. तोडग्यानंही सुटणारा. पेपर सुटल्यावर मुलं खुशीत होती. सर फाटकाजवळ उभे राहून एकेकाची पाठ थोपटत होते. ती मुलगी प्रश्नपत्रिकेची घडी करत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मी तिन्ही रेषांले बिंदू टाकला जी. गरज नोहोती तरी."

मी तिला शाबास म्हणाले. तेवढ्यात सरांनी तिलाही हाक मारली, आणि ती त्यांच्याकडे गेली.