तीन पॉइंट अठ्ठावीस, दोनदा

आमच्या ह्यांना, म्हणजे पद्माकरना, लंडनच्या हॅरो भागातले निम्मे मराठी लोक ओळखतात ते बॅनरमुळे. दुकान म्हणजे स्टेशनजवळ एक चिंचोळी खोली. मागे मशीन, पुढे काउंटर, काउंटरला मी. बारसं असो, दिवाळी असो, बॅनर आमच्याकडचा. स्वभावाने माणूस मऊ. पण कोटेशनच्या बाबतीत कोणावर विश्वास नाही. मी बावीस वर्षं कोटेशन बनवतेय, तरी पाठवायच्या आधी चष्मा लावून पुन्हा तपासणार. लांबी, रुंदी, रेट, नग. बरोबर असलं तर ‘हं’. एवढंच.

यतीनचं मात्र कधी तपासलं नाही. हा यतीन नागपूरचा, तीन वर्षं आमच्याकडे कामाला होता. “पोराचा हात बघ काय साफ आहे!” दिवसातून दहादा. माझे हात तर पीठ मळायला दिलेत देवाने! तो गेला, जवळच एजवेअरला स्वतःचं दुकान टाकलं, आमची गिऱ्हाइकंसुद्धा नेली. तरी ह्यांच्या तोंडी यतीनच. जळफळाट व्हायचा माझा, खोटं कशाला बोलू.

गेल्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी ऋजुता आली. पुण्याची पोर, बँकेत आहे, एरवी गोड बोलणारी. त्या दिवशी तोंड एवढंसं. मंडळाला हॉलच्या रेलिंगसाठी सहा बॅनर हवे होते, तीन मीटर बाय एक मीटर. आमचं कोटेशन होतं चारशे सव्वीस पाउंड, VAT सोडून. तिने यतीनचं काउंटरवर ठेवलं. एकशे पन्नास.

“काका, रागावू नका,” ती म्हणाली, “पण कमिटीत लोक विचारतायत, इतकी वर्षं आपण जवळजवळ तिप्पट देत होतो का?”

ह्यांचा चेहरा पडला. लोक चोर समजणार, तेही यतीनच्या कागदावरून! माझं डोकंच फिरलं.

“बघू इकडे,” म्हणून मी कागद ओढला. रेट अडीच पाउंड चौरस फुटाला. आमचा तर दोन वीस! मग स्वस्त कसा? नग सहा, बरोबर. क्षेत्रफळ... दहा चौरस फूट.

“अगंबाई,” मी म्हटलं, “ऋजुता, तीन मीटर म्हणजे जवळपास दहा फूट लांब. दहा चौरस फूट भरायचं तर उंची किती राहील? फूटभर! हा बॅनर आहे की साडीचा काठ?”

ऋजुता गोंधळली. मी कॅल्क्युलेटर तिच्याकडे वळवला. “तीन गुणिले एक, तीन चौरस मीटर. मीटरला फूट तीन पॉइंट अठ्ठावीस. याने त्याने एकदाच गुणलंय, नऊ पॉइंट चौऱ्याऐंशी, म्हणून दहा. अगं, लांबीचेही फूट करायचे आणि उंचीचेही. म्हणजे दोनदा गुणायचं. बत्तीस पॉइंट अठ्ठावीस चौरस फूट होतात एका बॅनरला. आता लाव त्याचाच रेट.”

तिने लावला. बत्तीस पॉइंट अठ्ठावीस गुणिले अडीच, गुणिले सहा. चारशे चौऱ्याऐंशी.

“म्हणजे तुमचंच स्वस्त आहे!” ती लाजली. “सॉरी काका. आज कमिटीला सांगते. ऑर्डर तुम्हालाच.”

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! साफ हाताचा यतीन साधं चौरस फूट विसरला, आणि पकडलं कोणी? मी! आता तरी हे काहीतरी बोलतील म्हणून मी ह्यांच्याकडे बघत उभी राहिले. ह्यांनी फोन उचलला होता.

“यतीन? अरे, मंडळाचं कोटेशन परत घे बाबा. मीटरचे फूट एकदाच केलेस. मटेरियलचेसुद्धा पैसे सुटले नसते.” आवाज असा, जणू पोराला ताप आलाय.

“अहो, बुडू द्या की!” मी म्हटलं. ह्यांनी हाताने मला गप्प केलं आणि फोन स्पीकरवर टाकून त्याच कॅल्क्युलेटरवर त्याला सगळं पुन्हा समजावलं.

“थँक्यू काका,” यतीन म्हणाला. “वाचवलंत. मला वाटलंच, हे तुमच्याच नजरेत आलं असणार.”

ऋजुता माझ्याकडे बघून हसली. मीही हसू आवरत, कौतुकाला नको नको म्हणायच्या तयारीने उभी.

“मग रे!” हे म्हणाले. “इथे दुसरं कोण आहे बघायला?”

ऋजुताने मान खाली घालून पर्स उघडली. तिला ॲडव्हान्सची पावती मीच फाडून दिली.