तोंडी परीक्षेत मी ‘त्याग’ म्हटलं नाही

तुमच्या बाबांनी तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल की आजी नापास झाली. हसत सांगितलं असेल. बातमी खरी आहे, पण अर्धी आहे, म्हणून बाकीची मी लिहिते. मराठीत लिहिते आहे. वाचायला वेळ लागेल तर लागू दे, आईला शेजारी बसवा.

माझं शिक्षण इंग्रजीत झालं, हे तुम्हाला माहीत आहे. गिरीज गावातल्या आमच्या वाडीतून मी नन्सच्या शाळेत जायचे आणि घरी आल्यावर केळीच्या बागेत आमच्या घरच्या बोलीत भांडायचे. पुढे मुंबईत विमा कचेरीत इंग्रजीत पत्रं लिहिण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर लक्षात आलं की मराठीतलं एकही मोठं पुस्तक मी धड वाचलेलं नाही. म्हणून इथल्याच एका कॉलेजात मराठी एम.ए.ला नाव घातलं. तुमच्या बाबांचं म्हणणं होतं, या वयात डिग्री घेऊन काय करणार. मी म्हटलं, भिंतीवर लावणार.

दुसऱ्या सत्रात एका कादंबरीवर तोंडी परीक्षा असते. दोन मिनिटं एकट्याने बोलायचं. आधी कथानक, मग आशयसूत्र, म्हणजे कादंबरी जीवनाबद्दल काय म्हणते ते, आणि शेवटी स्वतःचा प्रतिसाद. मग परीक्षक एखाददुसरा प्रश्न विचारतात. समोर आपल्या मॅडम आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. यात वेगळं पास व्हावं लागतं. लेखी पेपरात कितीही गुण असले तरी इथे पडलात तर सत्र अडकतं आणि डिग्री लांबते.

कादंबरी घाटावरच्या एका गावाची आहे. विधवा बाई, तिचं नदीकाठचं शेत, दोन मुलगे. शेत कारखान्याला विकून तालुक्याला दुकान काढायचं असं मुलांच्या मनात आहे. बाई वर्षभर नाही म्हणते आणि शेवटी कचेरीत जाऊन जमीन देऊन येते. एवढंच. मी ती दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा पुस्तक मिटलं तेव्हा मला राग आला होता.

आमच्या मॅडम तिशीच्या, समंजस, मुलांसाठी जीव टाकणाऱ्या. त्यांनी वर्गात एक टिपण वाटलं. त्यात तिन्ही भाग तयार होते. आशयसूत्र: ‘मातेचा त्याग’. प्रतिसाद: ‘ही कादंबरी मला खूप आवडली, कारण ती आपल्याला आईचं मोल शिकवते.’ तास संपल्यावर मी त्यांना गाठलं.

“मॅडम, ‘मातेचा त्याग’ हे आशयसूत्र कसं? हा तर नुसता विषय झाला. कादंबरी त्यागाबद्दल काय म्हणते ते सांगायला हवं ना? तुम्हीच शिकवलंत.”

“काकू, बरोबर आहे तुमचं.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “पण येणाऱ्या सरांनी याच कादंबरीवर लिहिलंय. त्यांच्या लेखाचं नावच ते आहे. कशाला वाकड्यात शिरता? दोन मिनिटांचा प्रश्न आहे.”

“पण मला तो त्याग वाटत नाही.”

“मग मनात ठेवा.”

मनात ठेवायच्या गोष्टी मी पुष्कळ ठेवल्या आहेत. त्यासाठी फी भरून कॉलेजात यायची गरज नव्हती.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी गोखिवऱ्याची. सकाळी कॉलेज, दुपारनंतर एका गाळ्यात पॅकिंगचं काम. तिला बी.एड. करायचं होतं आणि त्यासाठी तिला चांगले गुण हवे होते. ती मोबाइलवर घड्याळ लावायची आणि मी सराव करायचे. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली.

“टाइम ओव्हर, आजी.”

“अगं, आत्ता तर सुरू केलं.”

“काय सुरू केलं? विहीर कोणाची, विहिरीच्या पलीकडे कोण राहतं, तिच्या मावशीला कुठे दिलंय. मेन बाईचं अजून लग्नपण नाही झालं.”

तिचं खरं होतं. आमच्या वाडीतल्या बायका गोष्ट सांगतात ती अशीच. आधी घर कुठलं, कोणाच्या कुंपणाला लागून, माहेर कोणतं. माणूस कुठला ते कळल्याशिवाय त्याचं पुढे काय झालं ते कोणी ऐकूनच घेत नाही. इंग्रजीत मी तीन ओळींत मुद्दा मांडायचे. मराठीत तोंड उघडलं की माझ्यातून आमच्या ओसरीवरची बाई बोलायला लागायची.

“बाई, पोरं, जमीन, नाही, नाही, मग हो. बस,” मुलगी म्हणाली. “विहीर गयी तेल लेने.”

पुस्तकातली एक जागा मी तिला दाखवली. मधल्या भागात नात त्या बाईला पाटीवर नाव लिहायला शिकवते. नंतर ती दूधवाल्याच्या वहीवर ऐटीत सही करते आणि सुनेला हाक मारून दाखवते. शेवटी कचेरीत कारकून पेन पुढे करतो. ती पेन घेत नाही. शाईत अंगठा बुडवते, उमटवते आणि हसते.

“ही हसते ना, ते सगळ्यांना दिसतं,” मी म्हटलं. “पेन घेतलं नाही ते कोणी बघत नाही. जमीन घ्या, पण माझं नाव मी देणार नाही, असं म्हणते ती. आणि घरी परतल्यावर सगळे म्हणतात, आईने केवढा त्याग केला. तसं म्हटलं की कोणाला मान खाली घालावी लागत नाही.”

मुलीने ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाली, “भारी आहे. पण मी नाय बोलणार हे. मला मार्क पाहिजेत.”

“तू टिपणातलंच म्हण. मी काही म्हणणार नाही.”

परीक्षेच्या दिवशी आम्ही वरच्या मजल्याच्या पडवीत बाकांवर बसलो होतो. दार अर्धवट उघडं, आतलं सगळं ऐकू येत होतं. एकामागून एक तीच वाक्यं, तोच चढउतार. नावं पुकारणारे शिपाईकाका दाराशी उभे होते. ते मला हळूच म्हणाले, “त्याग झाला. आता मोल येईल.” आतून लगेच आईचं मोल आलं. “आता धन्यवाद.” धन्यवादही आले.

माझं नाव पुकारलं. आत सर बसले होते, साठीच्या आतबाहेरचे, इस्त्रीचा सदरा, पुढे गुणांचा कागद. मॅडमनी घड्याळ लावलं. मी सुरुवात केली आणि विहीर आलीच. परक्या माणसासमोर जीभ ओळखीच्या वाटेने जाते. कथानक संपवून मी आशयसूत्राचं एक वाक्य बोलले, की थकून दिलेल्या होकाराला घर त्याग म्हणतं, कारण त्यात घराची सोय असते. प्रतिसादाला तोंड उघडलं आणि घड्याळ वाजलं. मी थांबले.

सरांनी चष्मा काढला. “त्याग नाकारताय तुम्ही?”

“हो, सर.”

“मग ती हसते कशी? दुःखी बाई हसेल?”

मी पेनाचं आणि अंगठ्याचं सांगितलं.

“अहो आजी, कचेरीत अंगठा सगळ्यांचाच घेतात.”

“घेतात, सर. माझ्या फ्लॅटच्या वेळी माझाही घेतला. पण सहीसुद्धा घेतली. इथे कारकुनाने पेन पुढे केलंय.”

“तुम्ही फार बारीक बघताय. कादंबरी भावनेने वाचायची असते. इंग्रजी शिक्षणाने ही सवय लागते. चिरफाड करायची.”

हे मात्र मला लागलं. “मला राग आला होता, सर,” मी म्हटलं. “राग ही भावनाच आहे.”

मॅडमनी टेबलाकडे पाहिलं. सर म्हणाले, “पुढचा विद्यार्थी.”

मी पडले. मुलीला वर्गातले सर्वांत जास्त गुण मिळाले आणि ती पेढ्याऐवजी माझ्यासाठी वडापाव घेऊन आली. तोंड एवढंसं करून म्हणाली, “आजी, तुमचा वाटा आहे यात.”

“माझा काही नाही. तू वेळेत संपवलंस. मी विहिरीत पडले.”

हे मी तेव्हाही मानलं आणि आताही मानते. कथानक लांबलं, प्रतिसाद राहिला, तेवढे गुण जायलाच हवे होते. बाकीचे गेले ते मी मानत नाही.

तोंडी परीक्षेची फेरतपासणी होत नाही, कारण तपासायला काही उरतच नाही. पुन्हा द्यावी लागते. तुमच्या बाबांनी फोनवर सुचवलं, “आई, एक शब्द म्हणून टाक ना. काय फरक पडतो?” मी म्हटलं, “फरक पडत नसेल तर त्यांनी माझा शब्द घ्यावा.” त्यावर ते नेटवर्कबद्दल बोलू लागले.

पुढच्या सत्रात तेच सर आले. मॅडम मला पडवीत येऊन म्हणाल्या, “काकू, यावेळी तरी.”

“यावेळी वेळेत संपवते, मॅडम.”

मुलगी कामावर खाडा करून आली होती आणि शिपाईकाकांच्या शेजारी दाराशी उभी होती. मी बाई, मुलगे, जमीन, नकार आणि होकार एवढ्यावर कथानक आटोपलं. विहिरीला हात लावला नाही. मग आशयसूत्र, तेच, शब्दशः. त्याच्या पाठोपाठ पाटी, दूधवाल्याची वही, पुढे केलेलं पेन आणि अंगठा. मग प्रतिसाद. मी म्हटलं, ही कादंबरी मला आवडली नाही असं नाही, पण तिने मला छळलं. मला मुलांचा राग आला नाही. राग आला तो घरी परतल्यावर तिला त्यागमूर्ती म्हणून चहा देणाऱ्या सगळ्यांचा, आणि पहिल्या वाचनात त्यांच्याबरोबर मीही डोळे पुसले होते, त्याचा. एवढं बोलून मी थांबले. घड्याळ अजून वाजायचं होतं.

सरांनी टेबलावरची कादंबरीची प्रत ओढली. शेवटची पानं उलटून वाचत राहिले. घड्याळ वाजलं, मॅडमनी ते बंद केलं. सर अजून वाचतच होते.

“मत बदललं नाहीत तुम्ही,” ते म्हणाले.

“नाही, सर. कथानक कमी केलं.”

“प्रश्न नाही माझा.” त्यांनी कागदावर आकडा लिहिला. वर न बघता म्हणाले, “मला अजूनही तो त्यागच वाटतो.”

“वाटू दे, सर.”

बाहेर शिपाईकाका म्हणाले, “तुमचे धन्यवाद राहिले, आजी.” मुलगी इतकी हसली की आतून मॅडमनी दार लावून घेतलं.

मी पास झाले. जेमतेम, अगदी काठावर. वर्गात माझ्याइतके कमी गुण मिळवून पास झालेलं दुसरं कोणी नाही. डिग्री आली की मी ती भिंतीवर लावणार आहे, गुणपत्रिकेसकट. तुमचे बाबा विचारतील की गुणपत्रिका कशाला. त्यांना सांगा, आजीला एवढेच गुण मिळाले, पण ते तिने कोणाची वाक्यं न म्हणता मिळवले.