गटारीची बॅच

लग्नाला सात-आठ वर्षं होऊन गेली तरी माझा नवरा मला रविवारचाच भेटायचा. हे भिवंडीला एका कारखान्यात होते. तिथेच चार जणांत मिळून एक खोली घेतलेली. शनिवारी संध्याकाळी कल्याणहून एसटी धरून मुरबाडला यायचे, तिथून जीप मिळाली तर जीप, नाहीतर चालत सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावात. सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. रविवारी गावातले सगळे भेटायला येत, सासूबाईंना शंभर गोष्टी सांगायच्या असत, आणि मी आपली चहाच्या आधणात साखर टाकत आतून त्यांचा आवाज ऐकायची. मला ते अजिबात पुरत नव्हतं. रागही यायचा, पण राग कोणावर काढणार? पगारावर?

तेव्हा आमच्या तालुक्यात बॉयलर कोंबड्यांच्या शेड नुकत्याच उभ्या राहत होत्या. गावातल्या एकाने टाकली, त्याने मोटारसायकल घेतली, आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला. ह्यांच्या पगाराइतके पैसे घरीच सुटले तर माणूस भिवंडीला कशाला राहील? मी गुपचूप हिशेब मांडला. पिल्लू अकरा रुपयांना, खाद्य आठ रुपये किलो. पक्षी तयार व्हायला दीड महिना, वजन एक किलो सातशे ग्रॅमच्या आसपास. शेजारच्याला गटारीला पस्तीस रुपये किलोचा भाव मिळाला होता, तोच मी धरला. पक्ष्यामागे वीसेक रुपये सुटत होते. तीनशे पक्षी, वर्षाला आठ बॅचेस. बारा महिन्यांवर वाटलं तर पगार आला! मी दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा ह्यांना घरी आणलं.

हे म्हणाले, ‘‘ढोरडॉक्टरला एकदा दाखव. तो हो म्हनला तर मी राजीनामा देतो.’’

मुरबाडच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर साताऱ्याकडचे होते. बोलणं फटकळ, पण माणूस मनाचा चांगला. एका बैलाच्या खांद्याला मलम लावता लावता त्यांनी माझा हिशेब ऐकून घेतला आणि विचारलं, ‘‘तुमच्याकडं वर्षभर गटारी असते का हो?’’

मी ओशाळले. मग हात धुऊन ते बाकावर बसले आणि एकेक आकडा सोलायला लागले. खाद्य अंदाजाने नाही, पक्ष्यामागे मोजून धरायचं, साडेतीन किलो; म्हणजे खर्चाचे तीन रुपये असतील तर दोन खाद्याचेच. औषध, लस, खाली पसरायचा भाताचा तूस, बल्ब, यांचे तीन रुपये. शंभरातली पाच मरणारच, आणि मेलेली पिल्लं खाऊन मेलेली असतात, त्यांचा खर्च जगलेल्यांवर चढवायचा. म्हणजे विकायला नेईपर्यंत पक्षी चव्वेचाळीस रुपयांना पडला. एरवीच्या अठ्ठावीसच्या भावाने साडेतीन रुपये सुटतात, चोवीसच्या भावाने तीन रुपये खिशातून जातात. बॅच गेली की शेड धुऊन, चुना मारून पंधरा दिवस रिकामी ठेवायची, नाहीतर आधीचा रोग पुढच्या पिल्लांना. म्हणून वर्षाला आठ नव्हे, सहाच बॅचेस. ‘‘आणि त्यातली एक श्रावणात सापडेल, एकीत रोग येईल, असं आधीच धरून चाला. उरलेल्या चारांवर पोट भरतं का बघा.’’

पोट भरत नव्हतं. फार तर मीठमिरची सुटत होती.

‘‘नोकरी सोडू नका म्हणावं,’’ ते म्हणाले. ‘‘धंदा करा, पण पगार चालू ठेवून. वर्षभर हात बसू द्या. हजार पक्ष्यांवर गेलात की मग बोलू.’’

परतीच्या जीपमध्ये मला रडू आलं. हिशेब खरा होता, त्यात भांडायला कुठे जागाच नव्हती. ह्यांना सगळं सांगितलं तसं हे म्हणाले, ‘‘पहिली बॅच तर टाकू. गटारीला भाव मिलाला तर दुसरी शेड बांधू. आपन काय हजारापर्यंत जानारच नाय का?’’ तेवढ्यावर मी पुन्हा आशेला लागले. मला आशेला लागायला फार काही लागत नसे.

शेड आम्ही घराच्या मागे बांधली, गोठा होता त्या जागी. खांब घरच्या सागाचे, वर पत्रे, बाजूंनी जाळी आणि पावसासाठी ताडपत्रीचे पडदे. मी दिवस मागे मोजून गटारीच्या आधी दीड महिना पिल्लं आणली. पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लं आणणं म्हणजे आजाराला आवतण, असं डॉक्टर म्हणालेले. पण आमच्याकडे गटारी चुकवून कोंबड्या कोण पाळतो? आषाढी अवसेला मटण-कोंबडीचं शेवटचं जेवण, की पुढे महिनाभर श्रावण. त्या एका आठवड्यात जितकी कोंबडी खपते तितकी पुढे दिवाळीपर्यंत खपत नाही. तालुक्यातले सगळे शेडवाले त्याच आठवड्यावर डोळा ठेवून बसलेले, मी त्यातलीच.

पिल्लं मी जिवापाड जपली. वीज गेली की बल्ब बंद, मग कोळशाच्या शेगड्या पेटवायच्या. तूस ओला झाला की उकरून कोरडा घालायचा, नाहीतर पिल्लांना रक्ताची हगवण लागते. सासूबाई म्हणत, ‘‘सोताच्या लेकरांचं बी इतकं केलं नाय गो तू.’’ तीनशेतली तेरा मेली. डॉक्टर स्वतः येऊन बघून गेले आणि पहिल्यांदाच त्यांनी चहा मागून घेतला. कल्याणच्या व्यापाऱ्याशी चौतीसचा भाव ठरला. गटारीच्या दोन दिवस आधी त्याचा टेम्पो येणार होता. दुसरी शेड कुठे बांधायची ती जागा मी झाडून ठेवली होती.

हे गटारीसाठी आदल्या शुक्रवारीच घरी आले. त्या रात्रीपासून पाऊस लागला तो लागलाच. रायत्याच्या पुलावरून पाणी गेलं आणि कल्याण रस्ता बंद झाला. टेम्पो नाही, फोन लागेना. गावात गटारी झाली, आमच्या वीस-पंचवीस कोंबड्या गावानेच घेतल्या. बाकीच्या आत उभ्या राहून खात होत्या. तयार पक्षी दिवसाला सव्वाशे-दीडशे ग्रॅम खातो. आमची शेड रोज पाऊण गोणी फस्त करत होती, म्हणजे तीनशे रुपये रोज. घास त्यांच्या चोचीत गेला की माझ्या घशाशी यायचा.

पाणी उतरलं तेव्हा श्रावण लागला होता. व्यापारी आला, दीडशे पक्षी बावीसच्या भावाने तोलून घेऊन गेला आणि उरलेल्यांकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘यांचं तुमचं तुमी बघा. कल्यानमदी कोन खानार?’’ दुसऱ्या शेडचा विषय तिथेच संपला. संध्याकाळी हे शेजाऱ्याच्या दुकानातून कारखान्यात फोन करून आठ दिवसांची बिनपगारी रजा सांगून आले.

‘‘बिनपगारी?’’ मी म्हटलं. ‘‘आधीच एवढं नुकसान...’’

‘‘तू येकटी कुटं विकनार? चल, डालगी काढ.’’

डोंगराच्या अंगाच्या वाड्यांवर श्रावण कडक पाळत नसत, आणि भाताची आवणी नुकतीच उरकल्यामुळे लोकांच्या हातात मजुरीचे पैसे होते. बांबूच्या दोन डालग्यांत पाच-पाच पक्षी घालून आम्ही सकाळीच निघायचो. हे पुढे, मी मागे. वाडीवर किलोचा भाव चालत नाही, नग सांगायचा. एका म्हातारीने आमचा पक्षी उचलून त्याचे पाय चाचपले आणि हसत सुटली. ‘‘अरं, ही कोंबरी हाय का भोपला? हिला तं चालता बी येत नाय!’’ हे म्हणाले, ‘‘मावशे, चालनारी हवी तं मागं धाव. ही घरपोच येते.’’ म्हातारीने दोन घेतल्या. मला ठाऊकच नव्हतं की माझ्या नवऱ्याला असं बोलता येतं. सात-आठ वर्षांत मी त्यांना कधी परक्या माणसाशी बोलताना ऐकलंच नव्हतं.

येताना रिकामी डालगी डोक्यावर पालथी धरून भिजत यायचो. वाटेत एका ओढ्याशी बसून भाकरी खायचो. त्यांना लसणाची चटणी कोरडी आवडते, तेल घातलेली नाही, हे मला तिथे कळलं. मी इतकी वर्षं डब्यात तेल घालून देत होते. का सांगितलं नाही, तर म्हणे रविवारी काय तेवढंच बोलायचं? दुपारी दोघं मिळून शेड उकरायचो. अमोनियाच्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. मी एवढी सुखात होते की त्या सुखाची मला भीती वाटायला लागली. प्रत्येक पक्षी तोट्यात जात होता आणि रोज शेडमधली जागा मोकळी होताना माझा जीव खाली खाली जात होता.

रजेच्या शेवटच्या संध्याकाळी चाळीसएक पक्षी उरले होते. मुरबाडचा एक खानावळवाला स्कूटरवरून आला. सगळे घेतो म्हणाला, चोवीसच्या भावाने, सकाळी छोटा टेम्पो पाठवतो. त्या दिवसांत चोवीस म्हणजे देवच पावला म्हणायचा. हे हो म्हणणार तोच मी आतून म्हटलं, ‘‘अठ्ठावीस.’’

खानावळवाल्याला वाटलं मी थट्टा करते. मी पुन्हा अठ्ठावीसच म्हटलं. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे, आणि तो स्कूटरला लाथ मारून निघून गेला.

‘‘अगो, गिराईक परत धाडलास?’’ हे आत आले. ‘‘चालीस पक्षी उद्या सहा किलो खातील. तूच हिशेब शिकवलास ना मला?’’

‘‘खाऊ द्या.’’

‘‘परवा बी खातील.’’

‘‘परवा पण खाऊ द्या,’’ मी म्हटलं. चुलीकडे तोंड करून बसले. त्यांची पिशवी पहाटेच्या गाडीसाठी भरून दाराशी ठेवलेली होती, वर डब्यासाठी फडकं. नोकरी सुटून घरी राहायला हे आले ते पुढे कित्येक वर्षांनी, केस पिकल्यावर. तोवर मी हजार पक्ष्यांवर गेले होते आणि आमचे रविवार तसेच राहिले होते. पण त्या संध्याकाळी मला पुढचं काही ठाऊक नव्हतं. मी फक्त पिशवी उचलल्याचा आवाज ऐकला. वाटलं, आत्ताच चालले.

त्यांनी ती आत आणून खुंटीला अडकवली.

‘‘उद्या कुठच्या वाडीवर जायाचं?’’ त्यांनी विचारलं.