दशक्रियेची फिल्म

चाकणकडच्या गावांत हल्ली दशक्रियेलाही एलईडी स्क्रीन लागतो. प्रवचन सुरू व्हायच्या आधी गेलेल्या माणसाची फिल्म दाखवतात, आणि त्या फिल्ममध्ये गेलेल्या माणसापेक्षा पुढारीच जास्त असतात. थेरगावच्या स्टुडिओत मी असल्या फिल्मा एडिट करायचो. मला त्यांचा संताप यायचा.

एकदा ज्याची फिल्म आली, तो पोरगा कंपनीत कामाला होता. ड्युटीवर जाताना ट्रकखाली आला. तोंड ओळखू येण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून आईला शेवटचंही दाखवलं नव्हतं. मित्राच्या मोबाइलमध्ये त्याची एकच क्लिप होती: यात्रेत भंडारा उधळत हसतानाची. आईचा निरोप आला होता, "त्याला हसताना एकदा बघू द्या."

उडता भंडारा, अंधुक उजेड. व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरचा जीव काढणारी क्लिप. फाईल जड झाली की एलईडीवाल्याचा फिल्म चालवायचा बॉक्स अडकायचा, म्हणून बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, वाढवायची सोय नव्हती. मी सॉफ्टवेअर एन्कोडिंग लावलं, दोन पासचं, म्हणजे अख्खी फिल्म दोनदा चाळणारं. वेळखाऊ, पण तेवढ्याच बिटरेटमध्ये चेहरा टिकवणारं. दशक्रियेच्या सकाळी एक्सपोर्ट संपत आला आणि पोराचा चुलता दारात उभा राहिला.

"सायबांचा फोटो राहिलाय राव. शेवटी टाका, मोठा."

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तिकडे लोक घाटावर जमत होते. मी म्हणालो, "भाऊ, हार्डवेअरवर, म्हणजे ग्राफिक कार्डवर टाकलं तर लगेच होईल, पण पोराचा चेहरा फुटेल. साहेबांना राहू द्या."

"सायेब सोता येणारेत. चेहरा काय, सगळ्यांनी बघितलाय त्याचा."

स्टुडिओचा मालक माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ग्राफिक कार्डवर टाक आणि पळ." मी टाकलं. चहा गार व्हायच्या आत फाईल तयार झाली.

घाटावर फिल्म लागली. पुढाऱ्यांचे फोटो स्थिर, त्यामुळे मिशीचा केस न् केस दिसत होता. मग क्लिप आली. भंडारा उडाला आणि पोराच्या तोंडाचे पिवळे चौकोन झाले. त्यातून दात तेवढे चमकले. आई उठून स्क्रीनला जाऊन भिडली. तिथून तर नुसते ठिपकेच दिसतात.

"ह्यो न्हाई माजा," ती म्हणाली. "याचं त्वांड कुठाय?"

बायकांनी तिला ओढून खाली बसवलं. तोवर साहेबांचा फोटो आला आणि चुलत्याने मला लांबूनच 'झकास' म्हणून अंगठा वर करून दाखवला.

मी स्टुडिओत परतलो आणि तीच फिल्म सावकाश, सॉफ्टवेअरवर काढली. पोरगा चांगला ओळखू येत होता, हसताना डोळे मिटायची त्याची सवयसुद्धा. चुलत्याला पाठवली आणि लिहिलं, आईंना दाखवा.

उत्तर लगेच आलं. "तिला नको, उगा रडत बसंल. सायबांचा तेवढा तुकडा कापून पाठवा, स्टेटसला ठेवायचाय."