दीड वाजता विकायचं

अकोल्याला माझे अकरावी-बारावीच्या अकाउंट्सचे क्लासेस आहेत. सकाळच्या दोन बॅचेस साडेनवाला सुटतात आणि दुपारची दोनला भरते. मधल्या रिकाम्या वेळात मी शेअर बाजार बघायला लागलो, आणि बघता बघता मंगळवारचा ऑप्शन घ्यायची सवय जडली.

मंगळवारी निफ्टीच्या आठवड्याच्या ऑप्शनची मुदत संपते. त्या दिवशी घेतलेल्या ऑप्शनचा जो काही निकाल लागायचा तो त्याच दिवशी साडेतीनला लागतो. निर्देशांक चढेल असं वाटलं तर कॉल घ्यायचा, पडेल असं वाटलं तर पुट. घेताना जी किंमत मोजतो तिला प्रीमियम म्हणतात. घेणाऱ्याचं जास्तीत जास्त नुकसान तेवढंच, त्याच्यावर एक रुपया नाही. पण बहुतेक वेळा ते तेवढं होतंच. निर्देशांक जागेवर बसून राहिला तरी प्रीमियम उतरत जातो, आणि दुपारनंतर फार भराभर उतरतो.

म्हणून मी दोन नियम केले होते. दर मंगळवारी प्रीमियमला ठरलेलीच रक्कम, मागच्या आठवड्यात कमावलं असो की गमावलं. आणि दीड वाजता विकायचं. भाव दुप्पट झालेला असो, निम्मा असो, विकून मोकळं व्हायचं. खरं सांगायचं तर दीडची वेळ मी दोनच्या बॅचमुळे धरली होती. मुलांसमोर उभं राहून खिशातल्या मोबाइलचा विचार करणं मला जमत नव्हतं.

माझा थोरला भाऊ वरूडला असतो. घरची संत्र्याची बाग आणि माल भरायची शेड तोच सांभाळतो. दिवाळीला गेलो असताना त्याने माझ्याकडून हे सगळं समजून घेतलं आणि स्वतःचं खातं उघडलं. मग दर मंगळवारी सकाळी त्याचा फोन यायचा.

"आज काय घेऊन राहिला?"

मी सांगायचो. तोही तेच घ्यायचा, त्याच्या ठरलेल्या रकमेचं. दीडला पुन्हा फोन. "इकलं." एवढंच बोलून ठेवून द्यायचा. वर्षभर आमचं असं चाललं. हाती फार काही लागलं नाही, फार गेलंही नाही. पण लग्न झाल्यापासून आम्ही दोघं भाऊ एकमेकांशी इतकं नेमाने कधी बोललो नव्हतो. त्या फोनवर संत्र्याचा भाव निघायचा, आईचे गुडघे निघायचे, बाबांचा खोकला निघायचा.

त्या खोकल्यानेच बाबांना अमरावतीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. छातीत पाणी झालं होतं. भाऊ त्यांच्यापाशी राहिला. मी शनिवार-रविवार जाऊन आलो तेव्हा ते उठून बसले होते, चहा मागत होते. सोमवारी मी अकोल्याला परतलो.

मंगळवारी सकाळी भावाचा फोन आला. बाबांची रात्र बरी गेली होती. बोलणं झाल्यावर त्याने सवयीने विचारलं, "आज काय?"

मला बाजार जड वाटत होता. चालू पातळीच्या जरा खालचा पुट घ्यायचं ठरलं. मी इथून घेतला, त्याने दवाखान्यातून घेतला.

बारा वाजायच्या आधी त्याचा पुन्हा फोन आला. "तू निघ. डॉक्टर म्हणते, घरच्यायले बोलावून घ्या."

मी वर्गाच्या दारावर सुट्टीची पाटी लावली. बायको शाळेत नोकरीला होती, तिला कळवलं आणि स्टेशन गाठलं. बडनेऱ्याकडे जाणारी गाडी लवकर मिळाली. जनरलच्या डब्यात दाराजवळ उभा होतो. मूर्तिजापूर गेल्यावर दोन्ही बाजूंना तुरीची शेतं सुरू झाली, आणि मी त्यांच्याकडे बघत नुसता उभा राहिलो. पुटची आठवण मला झाली नाही असं नाही. झाली. पण मोबाइल हातात असूनही तो उघडावासा वाटला नाही. त्यात घातलेली रक्कम मी सकाळीच गेली असं धरली होती. राहिली काय, गेली काय.

बडनेरा यायच्या थोडं आधी भावाचा फोन आला. मागे कुणीतरी बाई स्ट्रेचर मागत होती. मग तो म्हणाला, "संपलं रे."

बाबांना आम्ही संध्याकाळी वरूडला घेऊन गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निरोप दिला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर भाऊ मला अंगणाच्या कडेला घेऊन गेला. त्याने मोबाइल पुढे धरला. मंगळवारी दुपारी दोननंतर बाजार कोसळला होता. दीड वाजता निम्म्यावर आलेला आमचा पुट साडेतीनपर्यंत कितीतरी पट झाला होता. आम्ही तो विकलाच नव्हता. शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर हिशेब होऊन फरकाची रक्कम आपोआप खात्यात जमा झाली होती. वर्षभरात आम्हाला एवढं कधी मिळालं नव्हतं.

"बाबानं जाता जाता देलं," तो म्हणाला.

मला ते ऐकवलं नाही. मी म्हटलं, "दादा, बाबांचा याच्याशी काही संबंध नाही. आपलं विकायचं राहून गेलं."

"काहून नाही? त्यायच्यासाठीच राहून गेलं ना?"

तेराव्यानंतर दोघांनी ते पैसे आईच्या नावाने बँकेत ठेवले. कुठून आले ते मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "ठेवा मंग," आणि पुन्हा काही विचारलं नाही.

महिनाभर मी काही घेतलं नाही. पुन्हा सुरू केलं तेव्हा नियम तेच ठेवले. भावाने मात्र सोडून दिले. दीडला त्याचा फोन येईना. मी केला तर म्हणायचा, "अजून आहे माह्याजवळ. साडेतीनलोक ठेवतो." एखाद्या मंगळवारी त्याला मिळायचंही. बहुतेक वेळा साडेतीनला शून्य व्हायचं. मग त्याने रकमेचा नियमही सोडला. जे जायचं ते पुढच्या मंगळवारी भरून काढायला तो जास्तीचं घ्यायला लागला. वहिनीने मला फोन केला. "भाऊजी, तुमचं ऐकतील ते. एकडाव येऊन जा."

मी मुद्दाम मंगळवारीच गेलो. शेडमध्ये संत्र्यांची निवड चालली होती, बाया खाली बसून मोठा-बारीक माल वेगळा करत होत्या. बाहेर ट्रक उभा होता. भाऊ कोपऱ्यातल्या टेबलापाशी होता. त्याने कॉल घेतला होता, माझ्या रकमेच्या कितीतरी पट. एक वाजता तो चांगला नफ्यात होता. मी बाजूला क्रेटवर बसलो. दीड वाजला.

"दादा, विक."

तो स्क्रीनकडे बघत राहिला.

"विक ना. आज चांगलं मिळून राहिलं."

"तूच सांगितलं होतं ना, घेतलं तवाच गेलं समजाचं. मंग राहू दे."

"ते रकमेसाठी सांगितलं होतं. वेळेसाठी नाही. दे इकडे, मी विकतो."

मी हात पुढे केला. त्याने मोबाइल छातीशी धरला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा तो रडत होता. बाया काम थांबवून बघायला लागल्या, तशी वहिनी त्यांना काहीतरी सांगून शेडबाहेर घेऊन गेली.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "दीड वाजला होता. बाबाचा हात माह्या हातात होता. मले वाटलं, आता झोपले आहेत, दोन मिनिटांत येतो. खोलीत रेंज नव्हती. म्हणून बाह्यर आलो, जिन्यापाशी. इकाले."

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"तिथंबी मोबाइलवर ते गोल गोल फिरून राहिलं. लागलाच नाही सौदा. तितक्यात नर्स मले शोधत आली. मी आत गेलो तं..." त्याने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. म्हणाला, "तुले वाटलं मी इसरलो. इसरलो नव्हतो मी. दीड वाजला म्हणूनच त्यायच्यापाशी नव्हतो."

मग म्हणाला, "आता दीडला माह्या हातानं नाही इकल्या जात. बटणावर बोट ठेवलं का तो जिना दिसते."

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. कुणी उठलं नाही. मला त्याला सांगायचं होतं की डॉक्टरांनी सकाळीच आशा सोडली होती, की झोपेत गेलेल्या माणसाला कोण होतं नि कोण नव्हतं ते कळत नाही. त्यातलं काही खरं असेल, काही नसेल. मी एवढंच म्हणालो, "दादा, माझी बॅच दोनची होती. तुझी नव्हती. ती दीडची वेळ माझी होती, मी तुला तशीच देऊन टाकली. तिच्यात देवाधर्माचं काही नव्हतं."

"पण मी गेलो ना बाह्यर."

"गेला. मी असतो तर मीही गेलो असतो. वर्षभर दर मंगळवारी दीडला तेच करत होतो ना आपण."

त्याने नाक पुसलं. मग तो माझ्या शेजारी क्रेटवर येऊन बसला. लहानपणी बाबा रागावले की आम्ही असेच बागेच्या कडेला बसायचो. मोबाइल टेबलावर उलटा पडला होता. त्याला मी हात लावला नाही, त्यानेही लावला नाही. दुपारी निर्देशांक खाली आला आणि मुदत संपली तेव्हा तो कॉल शून्यावर होता. एक वाजताचा नफा तर गेलाच, घातलेलं सगळं गेलं. ते आम्ही संध्याकाळी जेवायच्या आधी पाहिलं. भाऊ म्हणाला, "जाऊ दे." आणि माझ्यासमोरच त्याने खात्यावरचं ऑप्शनचं काम बंद करायची विनंती ब्रोकरला पाठवून दिली.

वहिनीला त्याने जिन्याची गोष्ट त्या रात्री सांगितली की नाही ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "रात्री झोप लागली यायले." त्यावरून मी समजलो.

आईला आम्ही जिन्याचं काही सांगितलं नाही. ती अजून मधूनमधून म्हणते, थोरला शेवटपर्यंत बापाजवळ होता. ती तसं म्हणते तेव्हा भाऊ उठून जात नाही, बसून राहतो. मीही बसून राहतो. तिचं म्हणणं खोटं नाही. सात दिवस तो दवाखान्यातल्या बाकावर झोपला होता, त्यांना भरवत होता, त्यांचं अंग पुसत होता. त्यातून दोन मिनिटं वजा केली तरी तो शेवटपर्यंत होता असंच मी धरतो.

मी अजून काही मंगळवारी घेतो. रक्कम तीच, वेळ तीच. पण घरात कुणी आजारी असलं, किंवा गावी जायचं असलं, तर त्या मंगळवारी बाजार उघडूनही बघत नाही. हा तिसरा नियम नंतर आला. क्लासमध्ये कुणी मुलगा ऑप्शनबद्दल विचारतो तेव्हा पहिले दोन मी फळ्यावर लिहितो. तिसरा लिहायला हात जात नाही, तो तोंडी सांगतो. मुलं मान डोलावतात.