शेमल्याची बाजू
अंथुर्ण्याचे श्रीपतीतात्या जन्मभर फेटेच बांधत आले. बारामतीच्या लग्नासाठी नवरदेवाच्या बहिणीनं, उत्कर्षानं, फेटेवाल्यांकडून फोटो मागवले. शेमला डाव्या खांद्यावर हवा होता. तात्यांनी स्वतःलाच फेटा बांधून सेल्फी पाठवला.

तिचा फोन आला. "चुण्या झकास हायत, पण शेमला उजवीकडं. डावं-उजवं इसरला व्हय, तात्या?"

"पोरी, मोबाईल आरशावानी उलटं दावतोय. शर्टाचा खिसा बघ, त्यो बी उजवीकडं गेलाय."

तिनं फोटो मोठा करून पाहिला. "व्हय की. पण काम दुसऱ्या फेटेवाल्याला, सुमितला दिलं. तुमी लग्नाला या, त्यो बांधंल तुमाला."

तात्या गेले. सुमितनं बांधलेला फेटा अक्षतांआधीच कपाळावर उतरला. उत्कर्षानं हसत तात्यांचा फोटो लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तो गावभर फिरला. डोकं तात्यांचं, म्हणून फेटा बांधणारा हातही गावानं त्यांचाच मानला. या हंगामात तात्यांना कुणी फोटोसुद्धा मागितला नाही.