आठवड्याची गोळी

माझी थोरली बहीण कळव्याला एकटी राहायची. डॉक्टरांनी सांधेदुखीवर लिहून दिलेली गोळी तिच्या मुलाने मस्कतहून पाठवली. कशी घ्यायची ते डॉक्टरांनी सांगितलं असेल, पण ती विसरली आणि रोज एक घेत राहिली. आठ दिवसांत तोंड फोडांनी भरलं. मी तिच्याकडे राहायला गेले आणि म्हटलं, "ताई, उष्णता झालीय, गुलकंद खा." तिने खाल्ला.

दोन दिवसांनी तिला पाणीही गिळेना, तेव्हा मी गोळ्यांच्या पट्टीचा फोटो डोंबिवलीला माझ्या नातीला पाठवला. ती औषधाच्या दुकानात कामाला आहे. लगेच तिचा फोन आला.

"आजी, यावर लिहिलंय, आठवड्यातून एकदाच. एक वार ठरवायचा, बाकी दिवस हात लावायचा नाही. रोज घेतली तर विषबाधा होते. ताईआजीच्या तोंडात फोड आलेत का?"

"आलेत. गुलकंद देतेय."

"ती उष्णता नाही गं. गोळी बंद कर, पट्टी बरोबर घे आणि आत्ताच हॉस्पिटलला ने."

रिक्षात बहीण म्हणाली, "एवढीशी गोळी आठवडाभर कशी पुरेल?"

हॉस्पिटलात पाचव्या दिवशी ती गेली. फोन तर सगळे दिवस माझ्या हातातच होता. पहिला फोड आला तेव्हाच फोटो पाठवायला हवा होता.